शिट्टी ऐकून कालू का येतो आणि यंत्र ऐकून का जात नाही

इंदूरला राजेंद्रनगरात आमच्या गल्लीच्या तोंडाशी पाच कुत्री असतात. त्यांतला कालू अंगानं मोठा. पहाटे साडेपाचला माझे काका, अण्णा, फिरायला निघाले की सगळ्यांत आधी तोच उठतो. अण्णांचं वय बहात्तर. थंडीत कानाला मफलर, अंगावर शाल, हातात काठी. दिवसा हीच कुत्री त्यांच्या पायात घोटाळतात, पण अंधारात हा गुंडाळलेला, काठीवाला माणूस त्यांना परका वाटतो. गेल्या थंडीत अण्णा दोनदा अर्ध्या रस्त्यातून परत आले.

मग त्यांच्या मुलानं ऑनलाइन एक यंत्र मागवून दिलं. मुठीत मावेल एवढं, पुढे दोन गोल जाळ्या, एक बटण, एक लाल दिवा. खोक्यावर छापलेलं होतं की यातून माणसाला ऐकू न येणारा १३० डेसिबलचा आवाज निघतो आणि पंधरा मीटरवरचा कुत्रा पळून जातो. पहिल्या दिवशी बटण दाबलं तेव्हा कालू भुंकायचा थांबला आणि मान वाकडी करून बघत राहिला. अण्णा खूश झाले. दुसऱ्या दिवशीही तो थोडा थबकला. पाचव्या दिवशी मात्र बटण दाबलेलं असतानाच तो अण्णांच्या मागे भुंकत चौकापर्यंत गेला.

मी शाळेत भौतिकशास्त्र शिकवते, म्हणून यंत्र माझ्याकडे आलं. अण्णांनी विचारलं, "तू बघ गं जरा, हे बंद पडलंय का? आणि आवाज आपल्याला ऐकूच येत नाही, तर ते चालू आहे की बंद हे माणसानं ओळखायचं कसं?"

हा प्रश्न मला फार आवडला. कुत्र्यांसाठीच्या या सगळ्या 'न ऐकू येणाऱ्या' वस्तूंची अडचण त्यात नेमकी सापडते. पैसे देणाऱ्याला आवाज ऐकू येत नाही आणि ज्याला ऐकू येतो तो बोलत नाही.

आधी कुत्र्याच्या कानाबद्दल. 'कुत्र्याला आपल्यापेक्षा चौपट ऐकू येतं' हे वाक्य सगळ्यांनी ऐकलेलं असतं, पण त्यातून चुकीची समजूत होते. आवाज म्हणजे हवेची थरथर. ती सेकंदाला किती वेळा होते त्यावर आवाज जाड की बारीक हे ठरतं, आणि ती मोजायचं माप म्हणजे हर्ट्झ. तबल्याचा बायाँ घुमतो तो शंभर हर्ट्झच्या आसपास, आणि डासाची गुणगुण पाच-सहाशेच्या आसपास. तरुण माणसाचा कान साधारण २० पासून २०,००० हर्ट्झपर्यंत ऐकतो, पण दोन्ही टोकांना आवाज फार मोठा असावा लागतो.

म्हणून तुलना करायची तर आवाज किती मोठा हे आधी ठरवून घ्यावं लागतं. अमेरिकेतल्या हेन्री हेफनर यांनी १९८३ मध्ये चिमुकल्या चिहुआहुआपासून अगडबंब सेंट बर्नार्डपर्यंत लहानमोठे कुत्रे घेतले. आवाज ऐकू आला की ठरलेली कृती करायची असं त्यांना शिकवलं आणि प्रत्येकाचा कान मोजला. साध्या बोलण्याएवढा, म्हणजे ६० डेसिबलचा आवाज असेल तर कुत्र्याला ६७ पासून ४५,००० हर्ट्झपर्यंत ऐकू येतं. तेवढ्याच आवाजात माणसाला ३१ पासून साडेसतरा हजारांच्या आसपास. म्हणजे जाड आवाजाच्या बाजूला आपलाच कान सरस आहे. बारीक आवाजाच्या बाजूला मात्र कुत्रा आपल्या पार पुढे जातो.

यातली खरी लक्षात ठेवण्याची गोष्ट वेगळीच आहे. कुत्र्याचा कान सगळ्या बारीक आवाजांना सारखाच तीक्ष्ण नसतो. त्याला सगळ्यांत छान ऐकू येतं ते ८,००० हर्ट्झच्या आसपास. हा आवाज आपल्यालाही ऐकू येतो: पाण्याच्या फवाऱ्याचा 'स्स्स', किल्ल्यांच्या जुडग्याची किणकिण यांत तो भरपूर असतो. त्याच्या वर चढत गेलं की कुत्र्याचा कानही मंद होत जातो. ८,००० हर्ट्झचा अगदी पुसट आवाज जो कान टिपतो, त्याच कानाला ४५,००० हर्ट्झचा आवाज ऐकवायला ६० डेसिबल लागतात. तेव्हा 'आवाज जितका बारीक तितका कुत्र्याला जास्त बोचतो' असं मानून बनवलेली वस्तू पहिल्या पायरीलाच घसरते.

हेफनर यांच्या मोजणीनं शंभर वर्षांपूर्वीचा एक गैरसमजही दूर केला. बारीक आवाजाची शिट्टी पहिल्यांदा बनवली ती फ्रान्सिस गाल्टन या इंग्रज संशोधकानं, १८७६ च्या सुमारास. एक बारीक नळी, तिच्या टोकाला आतबाहेर होणारा स्क्रू. गाल्टन ती हातातल्या काठीच्या टोकाला बसवायचे, रबरी नळीनं हवेचा फुगा जोडायचे आणि प्राणिसंग्रहालयात प्राण्यांच्या कानाजवळ काठी नेऊन फुगा दाबायचे. स्वित्झर्लंडमधल्या बर्न शहरात रस्त्यावर पडून राहणाऱ्या मोठाल्या कुत्र्यांवर त्यांनी तासन्‌तास हा प्रयोग केला. १८८३ मध्ये त्यांनी लिहून ठेवलं की लहान कुत्र्यांना हा आवाज ऐकू येतो, पण मोठ्या कुत्र्यांपैकी एकालाही आला नाही. पुढे हेफनर यांच्या मोजणीत मोठ्या आणि लहान कुत्र्यांच्या वरच्या मर्यादेत फरक दिसलाच नाही. बर्नच्या त्या आळसावलेल्या कुत्र्यांना आवाज ऐकू येत असावा, त्यांनी फक्त मान वळवली नाही. गाल्टन मान वळवण्यालाच ऐकणं समजले. अण्णांचं यंत्र बनवणाऱ्यांनीही तीच चूक उलट बाजूनं केली आहे: ऐकू आलं म्हणजे कुत्रा पळणारच.

आता यंत्र. वटवाघळांवर काम करणारी माझी एक मैत्रीण आहे. तिच्याकडे अतिबारीक आवाज पकडणारा मायक्रोफोन असतो, कारण वटवाघळांचं बोलणं त्याच पट्ट्यात चालतं. तो लॅपटॉपला जोडून आम्ही गच्चीवर बसलो. बटण दाबल्यावर पडद्यावर २५,००० हर्ट्झच्या जरा खाली एक फिकट रेघ उमटली. म्हणजे यंत्र पूर्ण बंद नव्हतं. मग नवी नऊ व्होल्टची बॅटरी घातली. रेघ वर सरकली, उजळली, आणि आवाज जवळपास १२ डेसिबलनं वाढला. लाल दिवा मात्र दोन्ही वेळा सारखाच लागलेला.

याचं कारण सोपं आहे. दिव्याला दोन-अडीच व्होल्ट पुरतात. जाळीमागची चकती पिझो जातीची असते: वीज मिळाली की ती थरथरते, पण एका ठरावीक कंपनालाच जोमानं. बॅटरी उतरली की दाब तर कमी होतोच, शिवाय स्वस्त सर्किटचं कंपनही थोडं सरकतं आणि चकतीच्या आवडीच्या जागेवरून हलतं. मग दिवा लागलेला आणि आवाज मेलेला अशी स्थिती होते. अण्णांच्या प्रश्नाचं अर्धं उत्तर इथे मिळालं. बॅटरी काढून मोजली तर आठ व्होल्ट दाखवते आणि आपण फसतो. बटण दाबलेलं असताना मोजायची. तेव्हा तीच सहाच्या खाली येत होती.

पण नव्या बॅटरीनंही कालू पळाला नसता. खोक्यावरच्या १३० डेसिबलकडे नीट बघा. किती अंतरावर मोजले ते लिहिलेलंच नाही, आणि अंतर न सांगता डेसिबल सांगणं म्हणजे गाव न सांगता पत्ता सांगणं. आवाज पसरतो तसा पातळ होतो: अंतर दुप्पट झालं की सहा डेसिबल जातात. जाळीला चिकटून मोजलेला मोठा आकडा एक मीटरवर तेवढा राहत नाही. आपण उदार होऊन धरू की एक मीटरवर १०० डेसिबल आहेत. मग दोन मीटरवर ९४, चार मीटरवर ८८, आठवर ८२, सोळावर ७६.

यात हवेची कात्री धरलेली नाही. हवा बारीक आवाज गिळते, आणि जितका बारीक तितका जास्त. २५,००० हर्ट्झचा आवाज मीटरमागे साधारण पाऊण डेसिबल गमावतो. उन्हाळा-पावसाळ्यात, हवेच्या ओलाव्याप्रमाणे हे कमीजास्त होतं. सोळा मीटरला बारा डेसिबल गेले, उरले चौसष्ट. म्हणजे साध्या बोलण्याएवढा आवाज, तोही अशा पट्टीत जिथे कुत्र्याचा कान आधीच मंद आहे. मोठा कुत्रा भुंकतो तेव्हा एक मीटरवर ९० ते १०० डेसिबल सहज भरतात. भुंकणाऱ्या कालूच्या कानात त्याचं स्वतःचं भुंकणंच अण्णांच्या यंत्रापेक्षा कितीतरी मोठं होतं.

आणखी एक. २५,००० हर्ट्झच्या लाटेची लांबी जेमतेम दीड सेंटीमीटर. जाड आवाजाच्या लाटा लांब असतात, त्या वळसा घालून कोपऱ्याआड पोचतात. म्हणून शेजारच्या लग्नातल्या डीजेचा 'धब धब' बंद खिडकीतूनही येतो आणि गाण्याचे शब्द येत नाहीत. बारीक आवाज बराचसा टॉर्चच्या झोतासारखा वागतो. मध्ये स्कूटर उभी असली की तिची सावली पडते. आणि कापड त्याला शोषून घेतं. मी अण्णांना म्हटलं, "यंत्र कसं धरता ते दाखवा." त्यांनी दाखवलं. थंडीमुळे हात शालीच्या आत, यंत्र हातात, बटण शालीच्या आतूनच दाबायचं.

शाल बाजूला केली, तरी गोष्ट संपत नाही. सगळ्यांत महत्त्वाचा भाग कानाचा नसून डोक्यात काय चालतं त्याचा आहे. पहिल्या दिवशी कालू थबकला, कारण अनोळखी आवाज आला. कोणताही प्राणी नव्या आवाजाला थबकतो, मान वळवतो, कान उभारतो. हे घाबरणं नाही, चौकशी आहे. आवाजामागून काही वाईट घडलं नाही की मेंदू तो आवाज बाजूला टाकतो. आपण राहतो तिथली रेल्वे आपल्याला काही दिवसांनी ऐकू येईनाशी होते, तसंच. चार-पाच दिवसांत कालूचं तेच झालं.

उलट त्यानं दुसरंच काहीतरी शिकून घेतलं असावं. त्याच्या बाजूनं पाहा: माणूस येतो, एक बारीक आवाज होतो, मी भुंकतो, माणूस निघून जातो. अण्णा तसेही जाणारच होते, फिरायलाच निघाले होते. पण कालूच्या हिशेबात भुंकणं कामाला आलं. रोज एकाच वेळी तोच आवाज आल्यामुळे आवाज हा भुंकायची खूणच झाला. पाचव्या दिवशी तो चौकापर्यंत मागे आला याचा मला हाच अर्थ लागतो. म्हणून पुढे धावून येणाऱ्या कुत्र्यासमोर या यंत्रावर भिस्त ठेवू नये असं मी स्पष्ट सांगते. तिथे उभं राहणं, धावायचं नाही, डोळ्याला डोळा भिडवायचा नाही, काठी आपल्या आणि कुत्र्याच्या मध्ये खाली टेकवून ठेवायची आणि तिरकं होत हळूहळू मागे सरायचं, याचा उपयोग जास्त.

घरात लावायच्या यंत्रांबद्दल मला जास्त काळजी वाटते, म्हणून थोडं विषयांतर. उंदीर पळवणारं यंत्र भिंतीच्या प्लगला लावतात. ते बहुतेक वीस हजार हर्ट्झच्या वरच्याच पट्टीत बोलतं आणि तीन मीटरच्या खोलीत अंतराची कात्री फारशी लागत नाही. भिंती गुळगुळीत, आवाज परतून परतून येतो. अशा खोलीत पाळलेला कुत्रा झोपत असेल तर त्याला ते अहोरात्र ऐकू येतं आणि तो सांगू शकत नाही. ओळखायची खूण अशी: नेहमीची जागा सोडून कुत्रा दाराबाहेर झोपू लागतो, त्या खोलीत यायला कुरकुरतो, विनाकारण कान खाजवतो. कान खाजवण्याचं कारण कानाचा आजारही असू शकतो, विशेषतः पावसाळ्यात, म्हणून आधी यंत्र दोन दिवस बंद करून पाहावं आणि फरक पडला नाही तर जनावरांच्या डॉक्टरला कान दाखवावेत. आणि हो, यंत्रांच्या कंपन्यांना पुराव्याविना असे दावे करू नका अशी ताकीद अमेरिकेच्या व्यापार आयोगानं २००१ मध्ये साठाहून अधिक उत्पादक-विक्रेत्यांना दिली होती. ती उंदीर-झुरळांच्या यंत्रांबद्दल होती.

मोबाइलवरच्या 'डॉग व्हिसल' ॲपचं थोडक्यात सांगते. फोनमध्ये आवाज सेकंदाला ४४,१०० किंवा ४८,००० तुकड्यांत साठवतात, आणि तुकड्यांच्या निम्म्याहून बारीक आवाज त्यात बसूच शकत नाही. म्हणजे जास्तीत जास्त २२ ते २४ हजार, आणि फोनचा चिमुकला स्पीकर त्याच्या बराच आधी दम टाकतो. ॲपमध्ये ३०,००० आकडा निवडला तरी तो फक्त पडद्यावर असतो. व्हॉट्सॲपवर आलेल्या 'हा आवाज लावा, कुत्री पळतील' अशा क्लिपमध्ये तर वरचा भाग दाबतानाच कापला गेलेला असतो.

आता शिट्टी. आमच्या गल्लीत सुधाताई कुत्र्यांना रोज खायला घालतात. मी त्यांना विचारलं, "ताई, यांना हाक कशी मारता?" त्या म्हणाल्या, "हाक कशाला? पातेल्याचं झाकण वाजलं की हजर." निगमाची कचरागाडी सकाळी गाणं वाजवत येते तेव्हा भुरी नावाची म्हातारी कुत्री पूर्वी मान वर करून हेल काढायची. गाण्याला काही अर्थ नाही, झाकणाला काही अर्थ नाही. अर्थ कुत्र्यांनी आपल्या अनुभवातून लावलेला. पातेल्याचं झाकण हीच त्यांची शिट्टी होती. मला एवढंच हवं होतं की ती खूण लांबवर, अंधारात, शेजाऱ्यांना न उठवता पोचावी.

खेळाच्या सामानाच्या दुकानात 'सायलेंट' कुत्रा-शिट्टी मिळाली. पेनाच्या टोपणाएवढी पितळी नळी, टोकाला स्क्रू आणि तो पक्का करायची चकती. घरी फुंकली तर अण्णा म्हणाले, "फुस्स हवा येतेय." आमची भाची, वय अकरा, कानावर हात ठेवून म्हणाली, "अगं आत्या, बास!" वय वाढतं तसा माणसाचा कान वरच्या टोकाकडून मंदावत जातो. अण्णांसाठी शांत असलेली शिट्टी तिच्यासाठी शांत नव्हती. फोनवर आवाजाचं चित्र काढणारं ॲप उघडून फुंकली तेव्हा रेघ ८,५०० हर्ट्झच्या आसपास उभी राहिली. म्हणजे माणसाच्या पट्टीतच. बाजारातल्या बऱ्याच 'सायलेंट' शिट्ट्या अशाच माणसाच्या पट्टीत बोलतात, आणि त्या चालतात त्याचं कारणही हेच. हा आवाज कुत्र्याच्या कानाच्या सगळ्यांत तीक्ष्ण जागेवर पडतो. शिवाय हवा तो कमी गिळते: शंभर मीटरवर जेमतेम दहा-बारा डेसिबल, तर २५,००० हर्ट्झचा आवाज तेवढ्या अंतरात सत्तरच्या वर गमावून पुसला जातो. रहदारीची घरघर जाड पट्टीत असते, त्यामुळे ही बारीक रेघ तिच्यातून वेगळी उमटते.

स्क्रूचं काम असं. नळीचं एक टोक बंद असतं आणि आतल्या हवेची लांबी ही आवाजाच्या लाटेच्या साधारण चौथा हिस्सा असते. आठ हजार हर्ट्झची लाट सव्वाचार सेंटीमीटरची, म्हणजे आतली पोकळी एक सेंटीमीटरच्या जवळ. तीच वीस हजारांना जेमतेम चार मिलिमीटरवर येते. इथे अर्धा फेरा स्क्रू फिरला तरी आवाज हजारभर हर्ट्झनं सरकतो. जोरात फुंकलं तरी थोडा चढतो. कुत्र्यासाठी खूण म्हणजे तोच आवाज, म्हणून स्क्रू एकदा लावला की चकती आवळून ठेवायची. मी त्यावर लाल नेलपॉलिशची एक रेघ ओढली, नळी आणि स्क्रू दोन्हींवरून एकसलग. रेघ तुटलेली दिसली की स्क्रू हलला.

शिकवणी सुधाताईंनी केली, मी नुसती वही धरली. पहिले चार दिवस कुत्री समोरच बसलेली असताना दोन छोट्या फुंका, आणि पुढच्या क्षणाला पोळीचा तुकडा. क्रम महत्त्वाचा: आधी शिट्टी, मग पोळी. पोळी आधी दिसली तर कुत्रा पोळी बघतो आणि शिट्टी त्याच्यासाठी नुसती गडबड राहते. उशीरही चालत नाही. एक-दोन सेकंदांत तुकडा पडायला हवा. दिवसाला दहा-बारा वेळा. एकदा कालू लांब बसून होता आणि मी उत्साहानं फुंकत सुटले, तेव्हा सुधाताईंनी माझ्या हातातून शिट्टी काढून घेतली. "पोळी नाही हातात, तर शिट्टी नाही तोंडात," म्हणाल्या. रिकामी शिट्टी म्हणजे शिकवलेलं उसवणं, हे त्यांना पुस्तकाशिवाय ठाऊक होतं.

पाचव्या दिवशी दहा पावलांवरून, आठव्या दिवशी गल्लीच्या दुसऱ्या टोकावरून. अकराव्या दिवशी कुत्री दिसतही नसताना बगिच्याच्या मागच्या फाटकापाशी सुधाताईंनी दोन फुंका मारल्या आणि मी गल्लीच्या तोंडाशी उभी राहून पाहिलं. कालूनं मान वर केली, पण आधी तो चुकीच्या बाजूला, पाण्याच्या टाकीकडे वळला. आवाज कुठून आला हे ओळखण्यात कुत्र्याचा कान आपल्यापेक्षा ढोबळ असतो. आपल्याला एका अंशाचा फरक कळतो, त्याला साधारण आठ अंशांचा. शिवाय टाकीच्या भिंतीवरून आवाज परतत होता. दुसऱ्या फुंकेला त्यानं कान फिरवले, बाजू सुधारली आणि पळत सुटला. बाकीची तीन त्याच्या मागे. पैकी एक अर्ध्यात मांजर दिसल्यावर फिरली, ती त्या दिवशी उपाशीच राहिली.

आता पहाटे पाच वाजून वीस मिनिटांनी सुधाताई बगिच्यामागे शिट्टी वाजवतात, आणि साडेपाचला अण्णा दुसऱ्या बाजूनं निघतात. शिवाय ते संध्याकाळी मफलर बांधून, काठी घेऊन सुधाताईंबरोबर खायला घालायला जातात, म्हणजे अंधारातला तो माणूस आपलाच आहे हे कुत्र्यांना कळावं. यातल्या कशाचा वाटा किती हे मी वेगळं मोजलेलं नाही. सुधाताई गावाला गेल्या होत्या ते चार दिवस कालू गल्लीच्या तोंडाशीच होता. दोन दिवस तो भुंकला, दोन दिवस त्यानं नुसती शेपटी हलवली.

भुरीचं मात्र वेगळं निघालं. ती दहा-अकरा वर्षांची आहे. कुत्र्यांचं ऐकणं आठ ते दहा वर्षांच्या सुमारास उतरू लागतं, आणि जास्त उतरतं ते ८,००० पासून ३२,००० हर्ट्झपर्यंतच्या पट्टीत, म्हणजे नेमकं शिट्टी आणि यंत्र दोन्ही जिथे बोलतात तिथेच. ती झोपलेली असताना मी तिच्या पाठीमागे तीन पावलांवर शिट्टी वाजवून पाहिली. कानाची पाळीही हलली नाही. मग जमिनीवर पाय आपटला तर लगेच उठली, पण तो जमिनीचा हादरा होता, आवाज नव्हता, म्हणून ती परीक्षा धरायची नाही. तरीही पाच वाजून वीस मिनिटांनी भुरी बगिच्यामागे हजर असते. कालूच्या पाठीला टेकून झोपते ती. तो उठला की तिच्या पाठीला गार वारा लागतो.